रेल्वे इंजिनात आणि विमानात अजूनही निकेल-कॅडमियम बॅटरी का?

प्रश्न: मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेडमध्ये ट्रेनिंगला गेलो तर इलेक्ट्रिक इंजिनात निकेल-कॅडमियम बॅटरी दिसली. विमानातही तीच असते असं सर म्हणाले. कॅडमियम विषारी, बॅटरी जड, वर पाणी घालत बसायचं. मोबाइलपासून बसपर्यंत सगळं लिथियमवर गेलं, मग हे दोघं का अडून बसलेत? नुसती जुनी सवय आहे का? आणि ती इतकी चांगली असेल तर घरच्या इन्व्हर्टरला का मिळत नाही?

उत्तर:

सवय थोडी आहे, नाही असं नाही. पण माझी सुरुवातीची वर्षं लोको शेडच्या बॅटरी सेक्शनमध्ये गेली आणि नंतरची विमानाच्या बॅटरी शॉपमध्ये, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. राखीव बॅटरी निवडताना ती किलोमागे किती ऊर्जा साठवते हा प्रश्न खालच्या क्रमांकावर असतो. ती बिघडते कशी आणि बिघडण्याआधी सांगते का, हे आधी बघतात. निकेल-कॅडमियम अजून टिकून आहे ती या दोन उत्तरांवर.

आधी काम काय आहे ते बघू. तू शेडमध्ये पाहिलेलं थ्री-फेज इंजिन, डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूएजी-९, रात्रभर पॅन्टो, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली करून उभं आहे असं समज. डोक्यावर २५ किलोव्होल्टची तार जिवंत आहे, पण इंजिनाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. पॅन्टो वर जायला हवेचा दाब लागतो. दाब उतरलेला असेल तर बेबी कंप्रेसर चालवावा लागतो आणि तो बॅटरीवर चालतो. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स जागी करायची तीही बॅटरीवर. मग पॅन्टो तारेला लागतो, सर्किट ब्रेकर मिटतो, सहायक कन्व्हर्टर सुरू होतो आणि बॅटरीला चार्जिंग मिळू लागतं. म्हणजे सहा हजार हॉर्सपॉवरचं इंजिन पहिली काही मिनिटं त्या दोन पेट्यांच्या जिवावर असतं. बॅटरी मेली तर तारेखाली उभं असूनही इंजिन मेलेलं. विमानातही तसंच आहे, फक्त जोखीम मोठी: सगळे जनरेटर गेले तर वैमानिकाची मोजकी उपकरणं आणि रेडिओ बॅटरीवर चालतात, आणि बऱ्याच विमानांत एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं छोटं सहायक इंजिनही तीच सुरू करते.

हे काम वर्षातले बहुतेक दिवस काहीच मागत नाही. बॅटरी चार्जरला लटकून बसलेली असते. आणि एके दिवशी, उन्हाळ्यात तापलेल्या किंवा थंडीत गारठलेल्या पेटीत, क्षणात मोठा करंट मागितला जातो.

आता आकडे. या इंजिनांत ७८ सेल असतात, प्रत्येकी १९९ अँपिअर-अवर. निकेल-कॅडमियमचा सेल काम करताना सुमारे १.२ व्होल्ट देतो. ७८ गुणिले १.२ म्हणजे ९३.६. मग सगळे ‘११० व्होल्टची बॅटरी’ का म्हणतात? कारण ११० हा चार्जिंगच्या बाजूचा आकडा आहे. ११० भागिले ७८ केलं की सेलमागे १.४१ व्होल्ट येतात, आणि हा सेल कायम चार्जवर ठेवायचा तो साधारण इथेच. ट्रेनिंगला येणारी मुलं कॅबमधल्या मीटरवर ९५ बघून ‘बॅटरी उतरली’ म्हणतात. चार्जर बंद असेल तर ९५ हे अगदी सुखरूप लक्षण आहे.

सेलच्या आत काय घडतं ते एका ओळीत मावतं:

```
Cd + 2NiOOH + 2H2O  <=>  Cd(OH)2 + 2Ni(OH)2
```

यात काय नाही ते बघ. सेल ज्याने भरलेला असतो तो कॉस्टिक पोटॅश, म्हणजे KOH, या समीकरणात कुठेच नाही. तो फक्त आयनांची ने-आण करतो, खर्च होत नाही. लेड-ॲसिडमध्ये आम्ल स्वतः क्रियेत भाग घेतं, डिस्चार्ज होताना पातळ होतं, प्लेटवर सल्फेट बसतं आणि बॅटरी तशीच पडून राहिली तर ते कडक होतं. शिवाय आम्ल शिशाची जाळी वर्षानुवर्षं खात राहतं. कॉस्टिक पोटॅश पोलादाला खात नाही. रेल्वेच्या पॉकेट प्लेट सेलमध्ये सक्रिय द्रव्य बारीक भोकांच्या पोलादी पट्टीच्या खिशांत कोंबलेलं असतं, आणि प्लेटपासून टर्मिनलपर्यंतचा सगळा सांगाडा पोलादाचाच. स्वीडनच्या वाल्देमार युंगनर याने १८९९ मध्ये हा सेल काढला. सक्रिय द्रव्य हळूहळू थकतं, पण सांगाडा तसाच राहतो.

इथून बिघडण्याची रीत ठरते. लेड-ॲसिडचा सेल पुष्कळदा उघडा पडून मरतो. जाळी किंवा आतली जोडपट्टी खात खात तुटते आणि सर्किट खंडित होतं. निकेल-कॅडमियमचा सेल बहुधा शॉर्ट होऊन मरतो: सेपरेटर फाटतो, प्लेटा एकमेकींना टेकतात, सेल शून्य व्होल्टवर येतो, पण करंट त्याच्यातून जात राहतो. डझनावारी सेल एकामागे एक जोडलेले असताना या फरकाला फार किंमत आहे.

दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. एका जुन्या इंजिनात लेड-ॲसिडचा संच होता. सकाळी मीटर लावला तर ११२ व्होल्ट, बघून समाधान वाटावं असे. ड्रायव्हरने बेबी कंप्रेसरचं बटण दाबलं आणि मीटर धाडकन शून्यावर. सोडलं की परत ११२. एका सेलमधली आतली पट्टी केसाएवढी चिकटून राहिली होती. मीटरच्या मिलिअँपिअरला ती पुरायची, कंप्रेसरला नाही. त्या एका पट्टीपायी इंजिन ओढून न्यावं लागलं.

दुसऱ्या वेळी निकेल-कॅडमियमचा संच होता. ‘मीटर हल्ली थोडा खाली दाखवतो’ एवढीच तक्रार लॉगबुकात होती. सेलन् सेल मोजला तर ७८ पैकी ३ सेल शून्यावर. म्हणजे कंप्रेसर चालवताना ९३.६ ऐवजी ९० व्होल्ट मिळत होते. पॅन्टो वर जात होता, गाडी धावत होती, आणि किती दिवस हे चाललं होतं देव जाणे. इंजिन स्वतःच्या पायांनी शेडमध्ये आलं.

पण या गोष्टीला शेपूट आहे. चार्जरला त्या तिघांचं मरण माहीत नव्हतं. तो ११० व्होल्टच देत राहिला. ते आता ७५ सेलांत वाटले गेले, म्हणजे सेलमागे १.४१ च्या जागी १.४७ च्या आसपास. उरलेले ७५ सेल रोज थोडे जास्तच चार्ज होत राहिले आणि पाणी पिऊ लागले. टॉप-अप करणाऱ्या मदतनीसाने, शेडच्या भाषेत खलाशाने, ते आधीच ओळखलं होतं. ‘साहेब, ह्या पेटीला पाणी फार लागतं,’ असं तो दोन महिने म्हणत होता आणि आम्ही उन्हाळ्यावर ढकलत होतो. म्हणून पाणी घालणं हा नुसता त्रास समजू नकोस. ते बॅटरीचं बोलणं आहे, आणि त्याचा हिशोब मांडता येतो. जास्तीच्या चार्जिंगमधला दर एक अँपिअर-अवर सुमारे ०.३४ मिलिलिटर पाणी फोडून वायू करतो. एका सेलला १० मिलिलिटर लागलं तर मागच्या वेळेपासून साधारण ३० अँपिअर-अवर जास्तीचे गेले. सगळ्या सेलांना सारखंच जास्त लागत असेल तर चार्जरचा व्होल्टेज तपासायचा. एखाद्यालाच जास्त किंवा एखाद्यालाच कमी लागत असेल तर तो सेल तपासायचा.

आता विमानाकडे येतो. लिथियमचा खरा प्रश्न तिथे उघडा पडला, आणि निकेल-कॅडमियमचा जुना डागही तिथलाच आहे.

विमानाच्या बॅटरीत बहुधा २० सेल असतात, नाव ‘२४ व्होल्ट’. प्लेट पॉकेटची नसते, निकेलच्या भुकटीची भाजलेली सच्छिद्र प्लेट असते. ती पातळ असल्यामुळे अंतर्गत रोध फार कमी. जेट इंजिन सुरू करताना लागणारा काही शे अँपिअरचा दणका ती सहज देते. पण सुरुवातीच्या काळात याच बॅटऱ्या विमानात तापून वितळायच्या. त्याचं कारण असं. सेल भरला की निकेलच्या प्लेटवर ऑक्सिजन सुटू लागतो. तो कॅडमियमच्या प्लेटपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये एक पातळ पडदा असतो. पूर्वी तो सेलोफेनचा असायचा आणि उष्णतेने, कॉस्टिकने तो जायचा. पडदा फाटला की ऑक्सिजन कॅडमियमला भिडतो आणि उष्णता निघते. तापलेल्या सेलचा व्होल्टेज उतरतो. विमानाचा बस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारी मुख्य पट्टी, मात्र २८ व्होल्टच्या आसपास ठाम, त्यामुळे उतरलेल्या व्होल्टेजच्या बॅटरीत तो आणखी करंट ढकलतो. जास्त करंट, जास्त ऑक्सिजन, जास्त उष्णता. याला थर्मल रनअवे म्हणतात. हा शब्द आज लिथियमला चिकटला आहे, पण त्याआधी तो आमच्या बॅटरीचा होता.

तरीही या दोन रनअवेंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निकेल-कॅडमियमच्या रनअवेला इंधन बाहेरून मिळतं, ते म्हणजे चार्जिंगचा करंट. तापमान हळूहळू चढतं. चार्जिंगचा करंट वेळेबरोबर कमी व्हायचा तो उलट वाढताना दिसतो. वैमानिकाने बॅटरी बसपासून तोडली की इंधन संपलं आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. म्हणून नियमात बॅटरीचं तापमान पाहण्याची किंवा चार्जिंग आपोआप तोडण्याची सोय आली, सेलोफेनच्या जागी सूक्ष्म छिद्रांचा पॉलिप्रॉपिलीन पडदा आला, आणि तो दोष आटोक्यात आला. सेलमधलं द्रव पाण्यातलं कॉस्टिक आहे, ते पेटत नाही. लिथियम-आयनमध्ये इंधन आतच असतं: पेटणारं सेंद्रिय द्रव, आणि काही प्रकारांत तापल्यावर ऑक्सिजन सोडणारा धन ध्रुव. एकदा आत शॉर्ट होऊन सेल पुरेसा तापला की बाहेरचा स्विच काढून काही होत नाही, आणि शेजारचा सेलही त्याच वाटेने जातो.

बोइंग ७८७ चं प्रकरण तू ऐकलं असशील. आधीच्या ७७७ मध्ये निकेल-कॅडमियम होती. ७८७ मध्ये वजन वाचवायला लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची ८ सेलची बॅटरी घेतली. ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात एपीयूची बॅटरी जळाली. १६ जानेवारीला जपानमध्ये ऑल निप्पॉनच्या विमानात मुख्य बॅटरीतून धूर आला आणि ते ताकामात्सुला तातडीने उतरवलं. त्यानंतर जगभरची ७८७ जमिनीवर बसली ती एप्रिलपर्यंत. मान्यता घेताना बॅटरीतून धूर येण्याची शक्यता एक कोटी उड्डाण-तासांत एकदापेक्षा कमी धरली होती. प्रत्यक्षात एक लाख तासही भरले नव्हते आणि दोन घटना झाल्या. बोस्टनच्या बॅटरीत एका सेलमधल्या शॉर्टपासून सुरुवात होऊन तो सेल शेजाऱ्यांना घेऊन गेला, असं अमेरिकेच्या तपास मंडळाने ठरवलं. उपाय म्हणून बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर थेट विमानाबाहेर नेणारी नळी आली. वाचवलेल्या वजनातलं बरंच त्या पेटीत परत गेलं. एअरबसने त्याच वर्षी ए-३५० पहिल्यांदा सेवेत आणण्यासाठी निकेल-कॅडमियमचा जुना रस्ता धरला आणि लिथियम नंतर आणलं. त्याआधी २०११ मध्ये सेसनाच्या सीजे-४ या छोट्या जेटमध्ये लिथियम बॅटरीला जमिनीवर आग लागली होती. तेव्हा अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने ती काढून निकेल-कॅडमियम किंवा लेड-ॲसिड बसवायला लावली.

आगीइतकीच महत्त्वाची, पण बातम्यांत न येणारी गोष्ट दुसरी आहे. लिथियमचा सेल जास्त चार्ज झाला, फार उतरला किंवा फार गारठला तर खराब होतो, म्हणून त्याच्यावर इलेक्ट्रॉनिक रखवालदार बसवावा लागतो. धोका दिसला की तो रखवालदार बॅटरी तोडतो. मोबाइलमध्ये हे योग्यच आहे. पण राखीव बॅटरीने ऐन गरजेला स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःला तोडलं, तर ती कशासाठी वाहून नेली? निकेल-कॅडमियमला रखवालदार लागत नाही. उलट ती शून्य व्होल्टपर्यंत उतरवून, टर्मिनल शॉर्ट करून वर्षानुवर्षं गोदामात ठेवता येते आणि नंतर चार्ज केली की उठते. एकदा हेडलाइट चालू राहून एक इंजिन आठवडाभर उभं राहिलं होतं. संच पार रिकामा झाला होता, व्होल्टमीटरची सुई हलेना. बाहेरून चार्ज केला, पाणी बघितलं, क्षमता मोजली आणि तोच संच परत गेला. लेड-ॲसिडचा असता तर निम्मे सेल भंगारात निघाले असते. लिथियमचा असता तर रखवालदाराने चार्जिंगच घेऊ दिलं नसतं, आणि त्याचं बरोबरच होतं.

आता या बॅटरीची खोट. तिचा व्होल्टेज इतका सपाट असतो की किती भरली आहे ते कळत नाही. हायड्रोमीटरचाही उपयोग नाही, कारण कॉस्टिकची घनता बदलत नाही. एअरबस ए-३२० मध्ये वैमानिक सकाळी व्होल्टमीटर बघतात. २५.५ च्या वर असेल तर निम्म्याहून जास्त भरलेली मानायची, खाली असेल तर २० मिनिटं चार्ज करायची. २५.५ भागिले २० म्हणजे सेलमागे १.२७५. याहून बारीक काही त्या आकड्यातून निघत नाही. क्षमता जाणायची तर एकच मार्ग आहे: बॅटरी काढा, शॉपमध्ये आणा आणि रिकामी करून बघा.

ते कसं करतात, एक खरी पाळी सांगतो. २३ अँपिअर-अवरची बॅटरी ठरलेल्या तपासणीला आली. पूर्ण चार्ज केली आणि २३ अँपिअरने रिकामी करायला लावली, म्हणजे कागदावर ६० मिनिटं चालायला हवी. पास व्हायला ८५ टक्के, म्हणजे ५१ मिनिटं लागतात, आणि घड्याळ थांबतं ते पहिला सेल १ व्होल्टवर आला की. ही ४४ व्या मिनिटाला थांबली, म्हणजे ७३ टक्के. नवीन मुलगा लगेच ‘फेल’ लिहायला निघाला. मी म्हटलं, थांब, आधी तिला झोपवू दे. महिनोन् महिने विमानाच्या बसवर लटकून राहिलेल्या सेलांची क्षमता वर-खाली होते आणि काही द्रव्य आळसावतं. म्हणून उरलेली बॅटरीही उतरवायची, सेल १ व्होल्टखाली गेले की प्रत्येकावर रोध लावायचा आणि रात्रभर सगळे शून्यावर आणायचे. सकाळी सगळे एका रेषेत.

मग उत्पादकाच्या पुस्तकाप्रमाणे सावकाश चार्ज. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, करंट चालू असतानाच, दोन कामं करायची. एक म्हणजे पाणी घालणं. चार्ज करण्याआधीच घातलं तर पातळी चुकते आणि कॉस्टिक बाहेर उतू येतं. दुसरं, प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिहिणं. त्या दिवशी १९ सेल १.५५ ते १.६० च्या मध्ये होते. नववा १.४६ वर अडकला होता, आणि पुढच्या दहा मिनिटांत चढायच्या ऐवजी थोडा उतरला. हात लावला तर शेजाऱ्यांपेक्षा गरम. व्होल्टेज उतरतोय आणि अंग तापतंय, म्हणजे पडदा फाटला, ऑक्सिजन कॅडमियमपर्यंत पोचतोय. वर सांगितलेल्या रनअवेचं हे बीज. सेल बदलला आणि पुन्हा रिकामी करून पाहिली तर ५५ मिनिटं, ९२ टक्के. बॅटरी विमानावर परत गेली. पहिल्या ४४ मिनिटांतला काही वाटा आळसाचा होता, काही नवव्या सेलचा. झोपवलं नसतं तर चांगली बॅटरी भंगारात गेली असती. नुसती झोपवून व्होल्टेज न लिहिता पाठवली असती तर फाटका पडदा विमानात गेला असता.

इथे लोक ज्याला ‘मेमरी’ म्हणतात त्याचं खूळ डोक्यातून काढ. माझ्या कामात खरी मेमरी मी कधी ओळखली नाही. दिसतो तो हा आळस आणि सेलांमधली फारकत, आणि दोन्ही अशा एका पाळीत बरीच सुटतात.

शेडमध्ये एक चूक मात्र जिवावर येते. लेडच्या आणि निकेलच्या बॅटऱ्या एकाच खोलीत, एकाच फनेलने, एकाच पाण्याच्या कॅनने हाताळणं. कॉस्टिकमध्ये आम्लाचे थेंब गेले की सेलची वाट लागते, आणि दोष कळतो तो काही महिन्यांनी, सगळी पेटी गेल्यावर. झाकणं उघडी ठेवली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकचं कार्बोनेट करतो, रोध वाढतो आणि टर्मिनलभोवती पांढरी पूड जमते. ती पूड ओली झाली की करंट पेटीकडे गळतो आणि ११० व्होल्टच्या सर्किटवर अर्थ फॉल्ट येतो.

आता कॅडमियम. तुझी शंका योग्य आहे आणि तिला ‘सीलबंद असतं’ एवढं उत्तर पुरत नाही. हा सिद्ध कर्करोगकारक धातू आहे, मूत्रपिंडात साठतो आणि शरीरातून बाहेर पडायला दशकं लागतात. जपानच्या तोयामात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यातून तो भातात गेला आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. १९६८ मध्ये जपान सरकारने तो आजार प्रदूषणाचा म्हणून मान्य केला. आणि आपल्या पेटीत तो किती असतो? रसायनाच्या हिशोबाने एका अँपिअर-अवरला कमीत कमी २.१ ग्रॅम लागतो. १९९ गुणिले ७८ गुणिले २.१, म्हणजे एका इंजिनात किमान ३२ किलो. प्रत्यक्षात जास्तच, कारण कॅडमियमची प्लेट मुद्दाम मोठी ठेवतात. विमानाच्या त्या २३ अँपिअर-अवरच्या बॅटरीत हाच हिशोब किलोभराचा होतो.

तरी कायद्याने पेन्सिल सेल अडवला आणि इंजिनाचा संच सोडला, त्यात तर्क आहे. युरोपने २००६ च्या निर्देशाने लहान, हातात नेण्याच्या बॅटऱ्यांतलं कॅडमियम बंद केलं. कॉर्डलेस ड्रिलसारख्या हत्यारांना २०१६ अखेरपर्यंत सूट होती, तीही संपली. औद्योगिक बॅटऱ्या गोळा करण्याच्या अटीवर चालू राहिल्या. खेळण्यातला सेल कचऱ्याच्या डब्यात जातो. ७८ सेलचा संच क्रेनशिवाय हलत नाही, त्याला नंबर असतो आणि तो स्टोअरच्या वहीत असतो. आपल्याकडेही बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

परत आलेल्या सेलमधून कॅडमियम काढणं धातूंच्या मानाने सोपं आहे. ते ७६७ अंशांना उकळतं, निकेल आणि लोखंड त्याच्या कितीतरी वर. प्लेटा कोळशाबरोबर बंद भट्टीत साधारण ९०० अंशांपर्यंत तापवल्या की कॅडमियमची वाफ निघते. ती थंड करून शुद्ध धातू मिळतो आणि तोच पुन्हा नव्या सेलात जातो. मागे उरलेलं निकेल-लोखंड स्टेनलेस स्टीलवाले घेतात. शिवाय कॅडमियमसाठी कोणी वेगळी खाण खणत नाही. जस्त काढताना ते आपोआप निघतंच. ते कुठेतरी ठेवावंच लागणार, आणि मला ते राखेच्या ढिगापेक्षा मोजलेल्या पेटीत बरं वाटतं. मात्र यात माझी एक अट आहे. हा सगळा हिशोब संच अधिकृत भट्टीत पोचला तरच जुळतो. लिलावात भंगारवाल्याकडे गेला, त्याने उघड्यावर घण घालून निकेलच्या भावासाठी फोडला, तर तुझी शंका शंभर टक्के खरी ठरते.

लिथियम येणारच नाही असं मी म्हणत नाही. ते येतंय. ७८७ आणि ए-३५० त्यावर उडतात. लिथियम आयर्न फॉस्फेट आणि टायटेनेट हे प्रकार कोबाल्टवाल्यापेक्षा खूप शांत आहेत, आणि नवीन गाडी मुळापासून आखताना पेटी, थंडावा, धुराची वाट हे सगळं धरून आखता येतं. अडचण जुन्या इंजिनाची आहे. तिथे चार्जर १.४१ च्या हिशोबाने बसवलेला आहे, पेटी उन्हात आहे, आणि बदल करायचा तर चार्जर, पेटी, मान्यता सगळंच नव्याने. विदर्भातल्या उन्हाळ्यात पेटीत ५० अंशांच्या वर तापमान जातं. दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं, निकेल-कॅडमियमचं पाचव्या हिश्शाने घटतं. तिथे अजून तिला बदलण्याची घाई कोणाला नाही.

घरच्या इन्व्हर्टरला मात्र ती नको. १०० अँपिअर-अवर काढून घेतलेस तर परत भरायला १४० च्या आसपास घालावे लागतात. चार्जिंगचा व्होल्टेजही जास्त, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने जवळजवळ ४० टक्के वाया. इंजिनात महिन्यातून काही मिनिटं वापर, तिथे हे कोणी मोजत नाही. रोज संध्याकाळी दोन तास लाइट जात असेल तर बिलात दिसेल. किंमत लेडच्या कित्येक पट, दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, आणि दहा-पंधरा वर्षांनी तुझ्या बाल्कनीत उरलेलं कॅडमियम घ्यायला कोणी दारात येणार नाही. घरी लिथियम आयर्न फॉस्फेट घे. आणि शेडमध्ये पुढच्या वेळी गेलास की त्या खलाशाला विचार, कुठली पेटी जास्त पाणी पिते.